अक्षावर दुप्पट का? विद्युत द्विध्रुवाचे क्षेत्र आणि त्याला फिरवणारा टॉर्क

एक धन आणि एक ऋण असे सारख्याच मूल्याचे दोन विद्युत प्रभार एकमेकांपासून थोड्या अंतरावर पक्के बसवले की विद्युत द्विध्रुव तयार होतो. दोघांची बेरीज शून्य भरते. लांबून पाहणाऱ्याला तिथे प्रभारच नाही असे वाटायला हवे, पण तसे होत नाही. दोन्ही प्रभार एकाच जागी नसल्यामुळे त्यांची क्षेत्रे एकमेकांना पूर्णपणे पुसून टाकू शकत नाहीत, थोडेसे क्षेत्र उरतेच. या उरलेल्या क्षेत्राचे स्वरूप काय, ते कोणत्या दिशेला किती असते आणि बाहेरच्या क्षेत्रात ठेवल्यावर हीच जोडी कशी वागते, हे तीन प्रश्न म्हणजे द्विध्रुवाचा गाभा.

प्रभाराचे मूल्य q आणि दोघांमधले अंतर d असेल तर त्यांच्या गुणाकाराला द्विध्रुव परिबल म्हणतात: p = qd. या राशीला दिशाही असते आणि ती ऋण प्रभाराकडून धन प्रभाराकडे धरली जाते. रसायनशास्त्राच्या अनेक पुस्तकांत रेणूवरचा बाण नेमका उलटा, म्हणजे धनाकडून ऋणाकडे काढतात. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांचा गोंधळ बऱ्याचदा इथूनच सुरू होतो. या लेखात भौतिकशास्त्राचीच दिशा पाळली आहे.

सूत्रांच्या आधी एक प्रत्यक्ष मांडणी घेतलेली बरी. प्लॅस्टिकच्या बारीक कांडीच्या दोन टोकांना धातूचा वर्ख लावलेल्या दोन हलक्या गोळ्या बसवल्या आहेत. दोन्ही गोळ्यांच्या केंद्रांमध्ये २ सेंटिमीटर अंतर आहे. एकीवर १ नॅनोकूलंब धन आणि दुसरीवर तेवढाच ऋण प्रभार आहे. नॅनोकूलंब म्हणजे कूलंबचा अब्जावा भाग. या जोडीचे द्विध्रुव परिबल 2 × 10⁻¹¹ C·m भरते. एकट्या गोळीचे क्षेत्र काढण्यासाठी कूलंबचा नियम पुरेसा आहे: E = kq/r², आणि k चे मूल्य सुमारे 9 × 10⁹. त्यानुसार एकटी गोळी १० सेंटिमीटर अंतरावर मीटरला ९०० व्होल्ट इतके क्षेत्र निर्माण करते. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण जोडी जमल्यावर त्यातले किती शिल्लक राहते ते पाहायचे आहे.

दोन्ही प्रभारांना जोडणारी रेषा दोन्ही बाजूंना वाढवली की द्विध्रुवाचा अक्ष मिळतो. या अक्षावर, कांडीच्या मध्यापासून १० सेंटिमीटरवर, धन गोळीच्या बाजूला एक बिंदू घेतला. धन गोळी तिथून ९ सेंटिमीटरवर आहे आणि ऋण गोळी ११ सेंटिमीटरवर. जवळची धन गोळी त्या बिंदूवर मीटरला १,१११ व्होल्टचे क्षेत्र बाहेरच्या दिशेने लावते आणि लांबची ऋण गोळी ७४४ व्होल्टचे क्षेत्र आतल्या दिशेने. दोन्ही एकाच रेषेवर, पण उलट दिशांना. त्यामुळे साधी वजाबाकी करायची: मीटरला ३६७ व्होल्ट उरतात आणि त्यांची दिशा बाहेरची, म्हणजे p च्याच दिशेची असते. बिंदू ऋण गोळीच्या बाजूला घेतला तरी दिशा बदलत नाही. तिथे जवळची ऋण गोळी जिंकते आणि क्षेत्राला स्वतःकडे ओढते, आणि ही दिशासुद्धा ऋणाकडून धनाकडेच जाणारी असते. अक्षावर, दोन्ही प्रभारांच्या बाहेर कुठेही, क्षेत्र p च्या दिशेनेच असते.

आता दुसरी रेषा. कांडीच्या मध्यातून जाणारी आणि अक्षाला काटकोनात असणारी, म्हणजे दोन्ही प्रभारांचा लंबदुभाजक. पृथ्वीच्या अक्षाला विषुववृत्ताची पातळी काटकोनात असते, त्यावरून या रेषेला विषुववृत्तीय रेषा म्हणतात. तिच्यावर मध्यापासून १० सेंटिमीटरवर बिंदू घेतला तर दोन्ही गोळ्या त्याच्यापासून सारख्याच अंतरावर येतात. हे अंतर १० सेंटिमीटरपेक्षा किंचित जास्त, सुमारे १०.०५ सेंटिमीटर असते. दोन्ही क्षेत्रे मूल्याने अगदी सारखी, प्रत्येकी मीटरला सुमारे ८९१ व्होल्ट. मग ती एकमेकांना का पुसत नाहीत? कारण त्यांच्या दिशा बरोबर उलट नाहीत. धन गोळीचे क्षेत्र तिच्यापासून तिरके बाहेर जाते आणि ऋण गोळीचे तिच्याकडे तिरके आत येते. रेषेच्या लांबीच्या दिशेतले दोघांचे घटक एकमेकांना कापतात. अक्षाला समांतर असलेले घटक मात्र एकाच बाजूचे असतात, त्यांची बेरीज होते आणि ती मीटरला १७७ व्होल्ट भरते. दिशा धनाकडून ऋणाकडे, म्हणजे p च्या बरोबर उलट.

म्हणजे दोन्ही बिंदू मध्यापासून १० सेंटिमीटरवरच आहेत, पण एकीकडे ३६७ व्होल्ट p च्या दिशेने आणि दुसरीकडे १७७ व्होल्ट p च्या विरुद्ध दिशेने. प्रमाण जवळपास दोनास एक. जसजसे दूर जावे तसे हे प्रमाण नेमके दोनाकडे सरकते. प्रभारांमधल्या अंतराच्या तुलनेत बिंदू बराच दूर असला की दोन्ही ठिकाणची सूत्रे फार सुटसुटीत होतात:

अक्षावर: E = 2kp/r³

विषुववृत्तीय रेषेवर: E = kp/r³, दिशा p च्या विरुद्ध

आपल्या कांडीसाठी १० सेंटिमीटरवर ही सूत्रे ३६० आणि १८० असे आकडे देतात. खरे उत्तर ३६७ आणि १७७ होते, म्हणजे चूक दोन टक्क्यांच्या आसपास. २० सेंटिमीटरवर अक्षावरचे सूत्र ४५ देते आणि काटेकोर वजाबाकी ४५.२. चूक अर्ध्या टक्क्यावर आली. इथे आणखी एक गोष्ट दिसते: अंतर दुप्पट झाल्यावर क्षेत्र ३६० वरून ४५ वर, म्हणजे आठव्या हिश्श्यावर उतरले. एकट्या प्रभाराचे क्षेत्र चौथ्या हिश्श्यावर उतरले असते. द्विध्रुवाचे क्षेत्र अंतराच्या वर्गाने नव्हे, घनाने कमी होते, कारण लांब गेल्यावर एक तर दोन्ही प्रभारांची क्षेत्रे क्षीण होतात आणि शिवाय त्यांच्यातला फरकही बारीक होत जातो.

आता मूळ प्रश्न: अक्षावर नेमके दुप्पटच का? पाठ्यपुस्तकांत बीजगणिताच्या आठ-दहा ओळींनंतर हा दोन सूत्रात येऊन बसतो आणि बहुतेक विद्यार्थी तो तसाच पाठ करतात. हे खटकण्यासारखे आहे, कारण या दोनात कूलंबचा नियमच लपलेला आहे आणि तो बीजगणिताशिवायही दिसू शकतो.

त्यासाठी कांडीपासून चांगले दूर, १ मीटरवर जाऊ. तिथे एकट्या गोळीचे क्षेत्र मीटरला ९ व्होल्ट आहे. २ सेंटिमीटर हा १ मीटरचा पन्नासावा भाग, म्हणजे दोन टक्के. अक्षावर उभे राहिले तर दोन गोळ्यांच्या अंतरात दोन टक्क्यांचा फरक पडतो: एक ९९ सेंटिमीटरवर, दुसरी १०१ वर. क्षेत्र अंतराच्या वर्गाने घटते, म्हणून अंतरातला दोन टक्के फरक क्षेत्रात चार टक्के होऊन उतरतो. ९ व्होल्टचे चार टक्के म्हणजे ०.३६. आता विषुववृत्तीय रेषेवर तेवढेच दूर जाऊ. इथे अंतरात फरक नाही, फरक आहे तो फक्त दिशेत. मीटरभर अंतरावरून दोन सेंटिमीटर लांबीची कांडी ०.०२ रेडियन इतक्या कोनात दिसते आणि दोन्ही क्षेत्रांच्या दिशा तेवढ्याच कोनाने सरळ उलटेपणापासून ढळलेल्या असतात. इतका छोटा कोन असला की शिल्लक राहणारा भागही तेवढाच, म्हणजे ९ व्होल्टचे दोन टक्के: ०.१८. दिशेतला फरक जसाच्या तसा उतरतो, तर अंतरातला फरक वर्गाच्या नियमामुळे दुप्पट होऊन उतरतो. सूत्रातला दोन तो हाच, वर्गाचा घातांक.

यातून पुढचा विचार आपोआप सुचतो. निसर्गात क्षेत्र अंतराच्या घनाने घटत असते तर अक्षावरचा फरक सहा टक्के झाला असता आणि विषुववृत्तीय रेषेवरचा दोन टक्केच राहिला असता. प्रमाण तीनास एक. म्हणजे दोन्ही रेषांवरच्या क्षेत्रांचे प्रमाण मोजले की बलाच्या नियमातला घातांक थेट हाती येतो.

हे केवळ कागदावरचे नाही. कार्ल फ्रीडरिश गाउस यांनी १८३२ साली ग्यॉटिंगेन येथे पृथ्वीच्या चुंबकीय बलाच्या मापनावरील आपल्या निबंधात हीच युक्ती चुंबकासाठी वापरली. चुंबकाचे दूरचे क्षेत्र विद्युत द्विध्रुवासारखेच असते, म्हणून तर्क तोच लागू पडतो. पूर्व-पश्चिम दिशेने ठेवलेला चुंबक एकदा अशा जागी ठेवायचा की होकायंत्राची सुई त्याच्या अक्षावर येईल, आणि एकदा अशा जागी की ती त्याच्या लंबदुभाजकावर येईल. दोन्ही वेळा सुई उत्तरेपासून किती ढळते ते पाहायचे. सुईच्या विचलन कोनाचा टॅन चुंबकाच्या क्षेत्राच्या प्रमाणात असतो. दूरच्या अंतरांवर दोन टॅनचे प्रमाण दोनास एक येते, आणि गाउस यांनी त्यावरून चुंबकीय बलही अंतराच्या वर्गाने घटते हे ठरवले. कूलंब यांनी १७८५ मध्ये पिळाच्या तराजूने दोन प्रभारांमधले बल थेट मोजले होते. गाउस यांची पद्धत आडवळणाची असली तरी जास्त काटेकोर होती, कारण तीत एका प्रभाराचे किंवा एका ध्रुवाचे क्षेत्र वेगळे काढावे लागत नाही. आपल्याकडच्या कनिष्ठ महाविद्यालयांच्या प्रयोगवहीत डिफ्लेक्शन मॅग्नेटोमीटरचा प्रयोग अनेक वर्षे ‘टॅन ए’ आणि ‘टॅन बी’ या नावांनी होता. त्यातली टॅन ए स्थिती म्हणजे अक्ष आणि टॅन बी म्हणजे विषुववृत्तीय रेषा.

अक्ष आणि लंबदुभाजक सोडून इतर बिंदूंचे काय? त्यासाठी नवीन काही शिकावे लागत नाही. बिंदूकडे जाणाऱ्या रेषेशी द्विध्रुव जो कोन करतो त्यानुसार p चे दोन तुकडे पाडायचे, एक त्या रेषेवर आणि एक तिला काटकोनात. पहिल्या तुकड्यासाठी तो बिंदू अक्षावर पडतो आणि दुसऱ्यासाठी विषुववृत्तीय रेषेवर. दोन्ही उत्तरांची सदिश बेरीज केली की काम झाले. त्यामुळे या दोन रेषांवरचे क्षेत्र कळणे म्हणजे दूरच्या सगळ्या अवकाशातले क्षेत्र कळणे होय.

सूत्रांची मर्यादा मात्र कटाक्षाने पाळावी लागते. तीच कांडी, तोच अक्ष, पण बिंदू मध्यापासून फक्त २ सेंटिमीटरवर घेतला तर धन गोळी १ सेंटिमीटरवर येते आणि ऋण ३ वर. काटेकोर वजाबाकी मीटरला ८०,००० व्होल्ट देते, तर सुटसुटीत सूत्र ४५,०००. उत्तर जवळपास निम्म्याने चुकले. दोन्ही प्रभारांच्या मधल्या जागेत तर सूत्र पूर्णच फसते. तिथे दोन्ही क्षेत्रे एकाच दिशेने, धनाकडून ऋणाकडे असतात, म्हणजे अक्षावर असूनही क्षेत्र p च्या विरुद्ध दिशेला असते. मध्यापासूनचे अंतर प्रभारांमधल्या अंतराच्या पाचपट असले की अक्षावरची चूक दोन टक्क्यांवर येते आणि दहापट असले की अर्ध्या टक्क्यावर. हा हिशेब मनात ठेवला तर सूत्र कुठे वापरावे ते चटकन कळते.

आणखी एक चूक वारंवार होते. विषुववृत्तीय रेषेवरचा प्रत्येक बिंदू दोन्ही प्रभारांपासून समान अंतरावर असतो, म्हणून तिथले विद्युत विभव शून्य असते. विभव शून्य म्हणजे क्षेत्रही शून्य, असे समजून अनेक जण उत्तरपत्रिकेत शून्य लिहितात. क्षेत्र ठरते ते विभवाच्या मूल्यावरून नव्हे, तर जागा बदलल्यावर विभव किती झपाट्याने बदलते त्यावरून. या रेषेवरून धन प्रभाराच्या बाजूला जरासे सरकले की विभव धन होते, ऋण प्रभाराच्या बाजूला सरकले की ऋण होते. हा बदल म्हणजेच तिथले क्षेत्र.

आतापर्यंत द्विध्रुव क्षेत्र निर्माण करत होता. आता तो दुसऱ्याच्या क्षेत्रात ठेवायचा आहे. त्यासाठी एकमेकींसमोर १० सेंटिमीटर अंतरावर उभ्या असलेल्या दोन मोठ्या धातूच्या पट्ट्या घ्याव्यात आणि त्यांच्यामध्ये १०,००० व्होल्टचा विभवांतर लावावा. कडा सोडल्या तर पट्ट्यांमध्ये सगळीकडे मीटरला एक लाख व्होल्ट असे एकसमान क्षेत्र मिळते, मूल्याने आणि दिशेने सारखे. या क्षेत्रात आपली कांडी मध्यातून रेशमी धाग्याने आडवी टांगायची.

धन गोळीवर क्षेत्राच्या दिशेने एक दशसहस्रांश न्यूटन बल येते, म्हणजे साधारण १० मिलिग्रॅम वजनाएवढे. ऋण गोळीवर तेवढेच बल उलट दिशेने येते. दोन्हींची बेरीज शून्य. म्हणून एकसमान क्षेत्रात द्विध्रुव कुठल्याही पट्टीकडे सरकत नाही. पण ही दोन बले एकाच रेषेवर नसतात. कांडी क्षेत्राशी कोन करत असेल तर दोन समांतर, उलट बलांची जोडी तिला फिरवू पाहते. फिरवण्याच्या या प्रवृत्तीला टॉर्क म्हणतात आणि त्याचे मूल्य एका बलाला दोन बलरेषांमधल्या लंब अंतराने गुणून मिळते. कांडी क्षेत्राशी θ कोन करत असेल तर हे लंब अंतर d sinθ असते. म्हणून

τ = qE × d sinθ = pE sinθ

कांडी क्षेत्राशी ३० अंशांत असेल तर लंब अंतर १ सेंटिमीटर आणि टॉर्क एक दशलक्षांश न्यूटन-मीटर होतो. ९० अंशांत तो दुप्पट, म्हणजे सर्वाधिक होतो. या जोडीचा टॉर्क कोणत्याही बिंदूभोवती मोजला तरी सारखाच भरतो, कारण एकूण बल शून्य आहे. कांडी मध्यातून न टांगता एका टोकाजवळून टांगली तरी विद्युत बलांचा टॉर्क बदलणार नाही. टॉर्कची दिशा नेहमी p ला E कडे वळवणारी असते, आणि सदिश रूपात हेच τ = p × E असे लिहितात.

कोन शून्य असताना टॉर्क शून्य होतो, कोन १८० अंश असतानाही तो शून्यच होतो. सूत्रावर डोळे झाकून विसंबले तर दोन्ही स्थिती सारख्या वाटतात, पण त्यांच्यात मोठा फरक आहे. शून्य अंशावरून कांडी थोडी हलवली की टॉर्क तिला परत आणतो. १८० अंशांवरून जराशी हलली की तोच टॉर्क तिला आणखी दूर लोटतो आणि ती गर्रकन उलटी फिरते. ऊर्जेच्या भाषेत द्विध्रुवाची स्थितिज ऊर्जा U = −pE cosθ असते. ती शून्य अंशावर सर्वांत कमी आणि १८० अंशांवर सर्वांत जास्त असते, तर ९० अंशांवर तिचे मूल्य शून्य धरले जाते. आपली कांडी शून्यापासून १८० अंशांपर्यंत हळूहळू फिरवायला 2pE, म्हणजे चार दशलक्षांश ज्यूल इतके काम करावे लागेल.

परत आणणारा टॉर्क असेल तिथे झोके येतातच. गोळ्या प्रत्येकी ०.१ ग्रॅमच्या असतील आणि कांडी व धागा यांचा परिणाम नगण्य मानला तर कांडीचे निरूढी परिबल I = 2 × 10⁻⁸ kg·m² येते. छोट्या कोनांसाठी झोक्याचा काळ T = 2π√(I/pE) असतो. आकडे घातल्यावर तो सुमारे ०.६३ सेकंद येतो, म्हणजे दहा झोक्यांना सव्वासहा सेकंद. साधे स्टॉपवॉच यासाठी पुरेसे आहे. विभवांतर चौपट कमी करून २,५०० व्होल्टवर आणला तर काळ दुप्पट व्हायला हवा, आणि तो तसा होतो की नाही यावरून सूत्राचीच परीक्षा घेता येते.

या मांडणीत बिघाड कुठे होतो तेही काळच सांगतो. दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, कांडीच्या पृष्ठभागावर ओलाव्याचा पातळ थर बसतो आणि प्रभार त्यावरून हळूहळू निसटतो. p कमी होतो आणि झोके मंद होत जातात. प्रभार चौथा हिस्सा उरला की काळ दुप्पट झालेला असतो. दुसरा बिघाड वेगळ्या प्रकारचा: कांडी झोके घेता घेता एका बाजूला ओढली जाऊ लागली तर त्याचे एक कारण क्षेत्र एकसमान नसणे हे असू शकते. पट्ट्यांच्या कडांजवळ असे होते. तिथे दोन्ही गोळ्यांवरची बले सारखी नसतात, त्यांचा फरक शिल्लक राहतो, आणि क्षेत्राच्या दिशेला वळलेला द्विध्रुव जास्त तीव्र क्षेत्राकडे ओढला जातो. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो त्यामागेही हेच आहे. कपट्यांवर निव्वळ प्रभार नसतो. कंगव्याच्या क्षेत्रामुळे ते तात्पुरते द्विध्रुव बनतात आणि कंगव्याजवळ क्षेत्र झपाट्याने वाढत असल्यामुळे तिकडे खेचले जातात. ओढ लावायला असमान क्षेत्र लागते, एकसमान क्षेत्र फक्त वळवते.

हेच नियम रेणूंना लावले की एक नवी गोष्ट पुढे येते, ती म्हणजे उष्णता. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या बाजूला थोडा ऋण आणि दोन हायड्रोजनच्या बाजूला थोडा धन प्रभार झुकलेला असतो. रेणू सरळ नसून १०४.५ अंशांत वाकलेला असल्यामुळे दोन्ही बंधांचे परिणाम एकमेकांना कापत नाहीत आणि एकूण द्विध्रुव परिबल 6.2 × 10⁻³⁰ C·m इतके येते. कार्बन डायऑक्साइडचा रेणू सरळ रेषेत असतो, म्हणून त्याचे द्विध्रुव परिबल शून्य. पाण्याच्या वाफेचा एक रेणू आपल्या दोन पट्ट्यांमध्ये आला तर त्यावरही टॉर्क येतो. मग तो कांडीसारखा क्षेत्राच्या दिशेने वळून बसतो का?

यासाठी दोन ऊर्जांची तुलना करावी लागते. मीटरला एक लाख व्होल्टच्या क्षेत्रात pE हे 6.2 × 10⁻²⁵ ज्यूल होते. खोलीच्या तापमानाला रेणूंच्या धडकाधडकीची ऊर्जा, kT, 4.1 × 10⁻²¹ ज्यूलच्या आसपास असते (इथला k हा बोल्ट्झमानचा स्थिरांक, कूलंबच्या नियमातला नव्हे). उष्णता साडेसहा हजार पटींनी वरचढ आहे. रेणू सतत धडकत, गिरक्या घेत राहतो आणि क्षेत्राचा टॉर्क त्याच्या गिरक्यांना फक्त किंचित कल देतो. सरासरी cosθ चे मूल्य pE/3kT असते, म्हणजे इथे सुमारे वीस हजारांत एक. सगळे रेणू रांगेत उभे असल्याची पुस्तकातली आकृती खऱ्या परिस्थितीपासून फार दूर आहे.

तरीही हा किंचित कल मोजता येतो. पट्ट्यांमध्ये वायू भरल्यावर त्यांची प्रभार साठवण्याची क्षमता थोडी वाढते, आणि या वाढीचा एक भाग रेणूंच्या कलामुळे येतो. पीटर डेबाय यांनी १९१२ मध्ये दाखवून दिले की वायू तापवला की हा भाग तापमानाच्या व्यस्त प्रमाणात घटला पाहिजे. उलट, क्षेत्रामुळे रेणूतले इलेक्ट्रॉन किंचित सरकल्याने जो भाग येतो तो तापमानावर अवलंबून नसतो. त्यामुळे वेगवेगळ्या तापमानांना मोजमापे घेतली की दोन्ही भाग वेगळे करता येतात आणि रेणूचे कायमचे द्विध्रुव परिबल हाती येते. रेणू वाकलेला आहे की सरळ, हे त्याला न पाहता सांगण्याचा हा मार्ग होता. डेबाय यांना १९३६ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात द्विध्रुव परिबलावरील या संशोधनाचा वाटा होता. रेणूंचे द्विध्रुव परिबल मोजण्याच्या एककाला त्यांचेच नाव आहे, आणि पाण्याच्या रेणूचे मूल्य १.८५ डेबाय आहे.

पट्ट्यांच्या क्षेत्रापुढे बेफिकीर असलेला हाच रेणू शेजारच्या रेणूपुढे मात्र तसा राहत नाही. पाण्याच्या एका रेणूपासून त्याच्या अक्षावर १ नॅनोमीटर अंतरावर क्षेत्र किती? सूत्र मीटरला सुमारे ११ कोटी व्होल्ट सांगते, विषुववृत्तीय रेषेवर त्याच्या निम्मे. पट्ट्यांच्या क्षेत्राच्या हजारपटीहून हे अधिक आहे. तरीही तिथे ठेवलेल्या दुसऱ्या रेणूचे pE हे kT च्या सहाव्या हिश्श्याएवढेच भरते, म्हणजे उष्णता अजून वरचढ आहे. पण द्रव पाण्यात शेजारी रेणू एवढ्या दूर नसतात, ते साधारण ०.३ नॅनोमीटरवर असतात. अंतर घटले की क्षेत्र घनाच्या नियमाने चढते आणि ३७ पट होते. अक्षावर ते मीटरला चारशे कोटी व्होल्टपर्यंत पोहोचते आणि दुसऱ्या रेणूचे pE आता kT च्या सहापट होते. शेजारी बाजूला, म्हणजे विषुववृत्तीय रेषेवर असेल तर तिप्पट.

एवढ्या जवळ सुटसुटीत सूत्र फक्त अंदाजापुरतेच धरायचे असते, कारण अंतर आता रेणूच्या आकाराच्या जवळपास आले आहे. पण त्यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. अक्षावरचा शेजारी त्याच दिशेला तोंड करून एकामागे एक उभा राहतो, कारण तिथले क्षेत्र p च्या दिशेचे असते. बाजूचा शेजारी उलट दिशेला तोंड करतो, कारण तिथले क्षेत्र p च्या विरुद्ध असते. आणि एकामागे एक अशी रचना उलटसुलट रचनेपेक्षा दुप्पट घट्ट बसते. बर्फात आणि द्रव पाण्यात रेणूंची जी जुळणी दिसते तिला हायड्रोजन बंध कारणीभूत असतात आणि त्यांचा संपूर्ण हिशेब द्विध्रुवाच्या सूत्राने लागत नाही. मात्र हायड्रोजन बंधात एका रेणूचा धन हायड्रोजन दुसऱ्याच्या ऋण ऑक्सिजनकडे का वळलेला असतो, याचा पहिला अंदाज अक्षावरच्या क्षेत्रावरूनच बांधता येतो.